हयातीचा दाखला आणि पहाटेचं स्वप्न

मंजू, तुझा आवाजातला मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा तुझ्या रडण्यात अर्धं कळलंच नाही. दुसऱ्यांदा कागद घेऊन बसले आणि तू सांगितलंस ते सगळं टिपून काढलं. ही सवय कामावरची. गेली नऊ वर्षं मी रात्रीच्या रात्री लोकांच्या डोक्याला तारा चिकटवून त्यांची झोप पडद्यावर बघत बसते. पेशंटने सांगितलेलं मी नेहमी वेळेसकट लिहून घेते, कारण झोपेच्या बाबतीत निम्मं उत्तर घड्याळातच असतं.

तर तू सांगितलंस ते असं. रामबागेतल्या घरात काका आरामखुर्चीत बसलेत. तू त्यांच्यासमोर फोन धरून उभी आहेस आणि पडद्यावरच्या गोलात त्यांचा चेहरा दिसतोय. तू म्हणतेस, बाबा, डोळे मिचकवा. पापणी हलत नाही. परत सांगतेस, तरी हलत नाही. मग तुला कळतं की ते गेलेत. हाक मारायला जातेस तर घशातून आवाज फुटत नाही, पाय जागचे उठत नाहीत. गल्लीतून बँड वाजत येतोय आणि दारात दादा उभा आहे, डोक्याला गुलाबी फेटा. तिथे तू जागी झालीस. साडेसहा वाजले होते.

पुढे तू दोन प्रश्न विचारलेस. पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात, मग हे खरं होणार का? आणि दुसरा, जो तू अगदी हळू विचारलास: माझ्याच मनात कुठे असं काही आहे का, की बाबा जावेत? दोन्हीची उत्तरं देते. पण आधी हे स्वप्न कुठून आलं ते बघू. ते कळलं की दोन्ही प्रश्नांतली निम्मी हवा निघून जाईल.

गुरुवारी तू साडेदहाला आडवी झालीस. अकराच्या आत झोप लागली असं धरू. आपली झोप रात्रभर एकसारखी नसते, ती फेऱ्यांनी चालते आणि एक फेरी साधारण 90 मिनिटांची असते. फेरीच्या सुरुवातीला झोप उतरत उतरत गाढ होते. मग ती वर येते आणि शेवटी एक विचित्र टप्पा येतो, ज्यात मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे पळतात. त्याला रेम झोप म्हणतात. 1953 मध्ये शिकागो विद्यापीठात ॲझरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी हे पहिल्यांदा नीट टिपलं. बुबुळं पळत असताना त्यांनी झोपलेल्यांना 27 वेळा उठवून विचारलं, तर 20 वेळा सविस्तर स्वप्न ऐकायला मिळालं. बुबुळं स्थिर असताना 23 वेळा उठवलं, तर 19 वेळा काहीच आठवत नव्हतं. स्वप्नं इतर टप्प्यांतही पडतात हे पुढे कळलं, पण गोष्टीसारखी, चित्रांनी भरलेली, जीव घाबरा करणारी स्वप्नं मुख्यतः इथलीच.

आता महत्त्वाची गोष्ट. हा टप्पा प्रत्येक फेरीत सारखा लांब नसतो. तुझ्या रात्रीचा हिशेब मांडला तर सव्वाबाराच्या आसपास पहिला रेम आला असेल, जेमतेम पाच-दहा मिनिटांचा. मग पावणेदोन, सव्वातीन आणि पावणेपाचच्या सुमारास पुढचे, प्रत्येक आधीच्यापेक्षा सहसा लांब. पाचवा सव्वासहाच्या आगेमागे, आणि तो अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त चालू शकतो. म्हणजे सगळ्यांत लांब स्वप्न पहाटेच पडतं. आणि उठायची वेळही तीच असल्यामुळे आपण थेट त्यातूनच जागे होतो, त्यामुळे ते लक्षात राहतं. सव्वाबाराला तुला काय स्वप्न पडलं होतं ते तुला आठवत नाही, मला माझंही आठवत नाही. पहाटेच्या स्वप्नाचा दबदबा मला वाटतं एवढ्यावरच उभा आहे. (शिवाय साडेसहाला पहाट म्हणायचं की नाही हे तुझ्या सासूबाईंना विचार. त्यांची तोवर पूजा आटोपलेली असते.)

त्यात भर म्हणजे मंगळवार-बुधवार तुमच्याकडे लग्न होतं. दोन्ही रात्री दोन वाजता झोपून सहाला उठलीस. उशिरा झोपून लवकर उठलं की नेमकी शेवटची, रेमने भरलेली झोप कापली जाते. मेंदू ती उधारी लक्षात ठेवतो आणि पुढे मोकळी रात्र मिळाली की वसूल करतो. तेव्हा रेम वाढतो आणि स्वप्नं जास्त ठसठशीत पडतात. लग्नघर आवरून माणसं झोपली की पुढच्या रात्री भलतीसलती स्वप्नं पडल्याचं सांगतात, ते यामुळेच.

आवाज फुटला नाही, पाय हलले नाहीत, याने तू फार घाबरलीस ना? आमच्याकडे पेशंटच्या हनुवटीवर तारा चिकटवलेल्या असतात. जागेपणी पडद्यावर ती रेघ जाड आणि खरखरीत दिसते. रेम आला की एकदम सपाट होते, जणू कुणी स्नायूंचा मेन स्विचच बंद केला. डोळे आणि श्वासाचा पडदा सोडून बाकी शरीराचे स्नायू त्या वेळात जवळपास ढिले पडतात, म्हणजे आपण स्वप्नात पळायला लागलो तर पलंगावरून पडत नाही. स्वप्नात ओरडता न येणं हा त्याचाच पडसाद असावा असं बरेच जण मानतात. मी रोज त्या सपाट रेघेकडे बघते, मलाही तसंच वाटतं. तुझं शरीर त्या वेळी त्याचं काम अगदी बरोबर करत होतं.

आता स्वप्नाच्या आत शिरू. रविवारी तू रामबागेत काय करत होतीस? काकांचा हयातीचा दाखला, फोनला चेहरा दाखवून. नोव्हेंबर म्हटलं की आपल्याकडे प्रत्येक पेन्शनरच्या घरी हाच विषय. तूच मला त्या दिवशी सांगितलं होतंस की काका खिडकीकडे पाठ करून बसले होते, मागून उजेड येत होता, आणि फोन तीनदा 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणाला. तू वैतागून म्हणालीस, अहो बाबा, डोळे मिचकवा ना नीट. ते म्हणाले, मिचकवतोय की, आणखी किती मिचकवू. खुर्ची फिरवल्यावर काम झालं आणि तुम्ही दोघं हसलात.

मंजू, त्या दाखल्याचा अर्थ काय? हा माणूस जिवंत आहे, हे सिद्ध करा. तू आपल्या वडिलांच्या चेहऱ्यासमोर यंत्र धरून, पापणी हलते का बघत, ते जिवंत असल्याचं तीनदा सिद्ध करू पाहत होतीस आणि तीनदा यंत्राने नकार दिला. जागेपणी ते कागदी काम होतं म्हणून तू हसलीस. पण त्याच दिवशी तुला हेही दिसलं असणार की खुर्चीतून उठताना त्यांनी हाताचा आधार घेतला, की त्यांचा स्वेटर खांद्यावर सैल झालाय. ते तू मला सांगितलं नाहीस, पण दुसऱ्या दिवशी उगाच म्हणालीस, बाबा बारीक झालेत गं. ही काळजी तू मनातल्या मनात आत ढकललीस आणि लग्नाच्या साड्यांना इस्त्री करायला लागलीस.

दिवसाचा ऐवज स्वप्नात येतो, हे सगळ्यांना अनुभवाने ठाऊक आहे. त्यात एक बारकावा असा की तो बरेचदा दोन खेपांत येतो. एक तर त्याच किंवा पुढच्या रात्री, आणि मग मधले दिवस जाऊन साधारण पाच ते सात दिवसांनी पुन्हा. प्रत्येकाच्या बाबतीत दर वेळी असं दिसतंच असं नाही, पण ही दुसरी खेप अभ्यासांत दिसलेली आहे. रविवार ते शुक्रवार पहाट मोज. म्हणून तुला वाटलं की हे स्वप्न आकाशातून पडलं. रविवार तोवर तू विसरून गेली होतीस.

बँडचं कोडं मला आधी सुटलं नव्हतं. माणूस गेलेल्या घरी बँड कशाला? मला वाटलं, लग्नातला असेल, आणि गुलाबी फेटाही तिथलाच. फेटा तिथलाच आहे, दादाने वरातीत घातला होता. पण मग आठवलं की तुमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी साडेसहाला गाणं वाजवत येते. तुझ्याच मेसेजमध्ये मागे ते वाजतंय, ऐक परत. झोपेत कान बंद नसतात. बाहेरचा आवाज आत येतो, पण आपण झोपेत असल्यामुळे मेंदू त्याला चालू गोष्टीतच कुठेतरी जागा करून देतो. 1958 मध्ये डिमेंट आणि वोल्पर्ट यांनी रेममध्ये असलेल्या लोकांच्या अंगावर थंड पाण्याचा फवारा मारून पाहिलं, तर काहींच्या स्वप्नात पाऊस किंवा गळणारं छप्पर आलं. तुझ्या स्वप्नात बँड आला. इंदूरची कचरागाडी गेली काही वर्षं निम्म्या शहराच्या स्वप्नांत असंच काहीतरी होऊन जात असणार.

हे सगळं त्या क्षणी तुला खटकलं का नाही? जागेपणी दादा गुलाबी फेटा घालून अशा प्रसंगी दारात आला असता तर तू त्याला चांगलंच सुनावलं असतंस. रेममध्ये मेंदूचा जो पुढचा भाग गोष्टी तपासतो, हे कसं शक्य आहे म्हणून विचारतो, तो बराच मंद असतो. आणि भीती-काळजीची घंटा वाजवणारा भाग, अमिग्डला नावाची बदामाएवढी गाठ, ती जागेपणापेक्षाही जास्त चेतलेली असते. भीती पूर्ण जोरात आणि तपासणारा डुलक्या घेतोय, अशी ती अवस्था. म्हणून दुःख अगदी खरं वाटतं. वाटतं म्हणजे काय, ते खरंच असतं: तुझे अश्रू खरे होते, छाती धडधडत होती ती खरी होती. फक्त ज्यावरून ते आलं ती घटना घडलेली नव्हती. जाग आल्यावर घटना क्षणात पुसली जाते, पण अंगात चढलेला तो भाव उतरायला वेळ लागतो. तू नऊ वाजेपर्यंत रडत होतीस, त्यात वेडेपणा काही नाही.

आता तुझा पहिला प्रश्न. पहाटेच्या स्वप्नाची गोष्ट नुसती आजीबाईंची नाही, चरकसंहितेतही आहे. इंद्रियस्थानात म्हटलंय की रात्रीच्या पहिल्या भागातलं स्वप्न अल्पफळ देतं आणि जे पाहिल्यावर पुन्हा झोप लागत नाही ते लगेच मोठं फळ देतं. पण त्याच ठिकाणी, त्याच्या आधी, स्वप्नांचे सात प्रकार दिलेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सांगणारं आणि शरीरातल्या दोषाने आलेलं. आणि पुढे स्पष्ट लिहिलंय की यातले पहिले पाच निष्फळ समजावेत. म्हणजे पुढचं सांगणारं स्वप्न चरक मानतो, ते मी तुझ्यापासून लपवत नाही. पण तुझ्या स्वप्नातली फोन, पापणी, फेटा, गाडीचं गाणं, यातली एक तरी गोष्ट पहिल्या तीन प्रकारांच्या बाहेरची दाखव मला. चरकाच्या हिशेबानेही हे स्वप्न निष्फळ ठरतं.

तरी तू म्हणशील, अमक्या मावशीला पडलं होतं आणि आठवड्यात खरं झालं. झालं असेल. एक हिशेब बघ, आकडे मी सोयीसाठी धरलेत. समज शहरात 10 लाख माणसं अशी आहेत ज्यांचे वडील म्हातारे आहेत. प्रत्येकाला असं स्वप्न दहा वर्षांत एकदाच पडतं असं धरू. तर वर्षाला 1 लाख स्वप्नं झाली. त्या वयाच्या 100 वडिलांपैकी वर्षात 4 जातात असं धरलं, तर कुठल्याही एका आठवड्यात जायची शक्यता साधारण 1300 त एक. म्हणजे 1 लाख स्वप्नांपैकी 77 च्या आसपास स्वप्नं आठवड्याच्या आत 'खरी' ठरणार, कुणाचा कुणाशी काही संबंध नसताना. त्या 77 घरांत ती गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाईल. उरलेल्या 99,923 जणांनी उठून बाबांना फोन केला, बाबांनी चहा पीत उचलला आणि विषय संपला. त्यांची गोष्ट कुणी कशाला सांगेल?

आणि याच्या उलटी बाजू मला घरचीच ठाऊक आहे. माझे बाबा गेले ते मंगळवारी दुपारी. त्याआधी महिनाभर मला त्यांचं एकही स्वप्न पडलं नव्हतं. सोमवारी रात्री मला स्वप्न पडलं होतं की माझी स्कूटी सराफ्यात कुणीतरी उचलून नेली. झोपेचं काम करणारी मुलगी, आणि स्वप्नाने सांगितलं काय तर स्कूटी. त्यानंतर भविष्य सांगणाऱ्या स्वप्नांवरचा माझा विश्वास जो उडाला तो उडालाच.

दुसरा प्रश्न. तू नेटवर वाचलंस की आईवडील मेल्याचं स्वप्न म्हणजे मनात दडलेली तशी इच्छा. हे फ्रॉइडचं म्हणणं. त्याचं स्वप्नांवरचं पुस्तक 1899 च्या अखेरीस आलं. त्यात तो म्हणतो की असं स्वप्न पडून दुःख झालं तर त्यामागे लहानपणी कधीतरी येऊन गेलेली, मागे पडलेली इच्छा असते, आजची नव्हे. हे 'आजची नव्हे' नेटवर कुणी लिहीत नाही. आणि फ्रॉइडचे स्वतःचे वडील 1896 मध्ये गेले होते. पुढच्या आवृत्तीत त्याने स्वतःच लिहिलं की हे पुस्तक म्हणजे वडिलांच्या मृत्यूला आपण दिलेला प्रतिसाद होता, हे आपल्याला ते लिहून झाल्यावर कळलं. दुःखातल्या मुलाने स्वतःच्या स्वप्नांत शोधलेलं उत्तर सगळ्या जगाला लागू करायचं का, हा प्रश्न तेव्हापासून आहे. झोपेवर काम करणारे आज सहसा तसं वाचत नाहीत. ते बघतात की जागेपणी माणूस कशाची काळजी करतोय, आणि स्वप्नात बहुतेक वेळा तीच काळजी मोठी होऊन येते. लोकांनी सांगितलेली हजारो स्वप्नं मोजून पाहिलीत, त्यांत आनंदापेक्षा भीती, काळजी, राग जास्त निघतात. सगळ्यांच्याच.

तुला बाबा जावेत असं वाटत नाही, मंजू. तुला बाबा जातील असं वाटतंय. या दोन वाक्यांत एका शब्दाचं अंतर आहे, पण तू पहाटेपासून त्याच एका शब्दाखाली दबली आहेस.

स्वप्न एकदा पडलं आणि गेलं तर काही करायची गरज नाही. परत पडलं, आठवड्यात दोन-तीनदा पडायला लागलं, किंवा तू झोपायलाच घाबरायला लागलीस, तर मला सांग. डोकेदुखीसाठी तुला जी गोळी सुरू झालीय तिचं नावही पाठव. मायग्रेनसाठी देतात त्यातल्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या काही गोळ्यांनी भयानक स्वप्नं वाढू शकतात. पण मनाने बंद करू नकोस, ती एकदम सोडणं धोक्याचं असतं, डॉक्टरांनाच विचार. आणि झोपेत तू खरंच लाथा मारायला, ओरडायला लागलीस तर तो प्रकारच वेगळा, त्याला तपासणी लागते.

परत तेच स्वप्न आलं तर एक साधी रीत आहे, आमच्याकडचे डॉक्टर पेशंटना शिकवतात. दिवसा, उजेडात, ते स्वप्न वहीत लिहायचं आणि शेवट बदलायचा. कसाही, तुला हवा तसा. मग रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून तो नवा शेवटच मनात चालवायचा, जुना उगाळायचा नाही. दोन-तीन आठवड्यांत बऱ्याच जणांची स्वप्नं विरळ होतात. सगळ्यांची नाही. तुझ्यासाठी मी एक शेवट लिहून ठेवलाय: तू म्हणतेस डोळे मिचकवा, काका चिडून एकदम दहा वेळा मिचकवतात, फोनवर हिरवी खूण येते, आणि ते म्हणतात, झालो का मी जिवंत? आता चहा टाक. आवडला नाही तर तुझा लिही.

माझी आई असती तर एवढं काही बोलली नसती. ती म्हणाली असती, स्वप्नात गेले ना, मग आयुष्य वाढलं त्यांचं, ऊठ आणि तोंड धू. यातलं पहिलं मला सिद्ध करता येणार नाही. दुसरं मात्र कर.

आणि हो, काकांचा मला सकाळी फोन आला होता. तू साडेसहाला फोन करून त्यांना 'जेवलात का' विचारलंस म्हणे, आणि ते हो म्हणायच्या आत ठेवून दिलास. त्यांना वाटतंय तुझंच काहीतरी बिनसलंय. जावयांना विचारू का, की मी स्वतः येऊ रिक्षाने, असं मला विचारत होते. मी स्वप्नाचं काही सांगितलं नाही. दुपारपर्यंत फोन कर त्यांना, नाहीतर ते खरंच रिक्षा करून निघतील.